फिनिश झालेल्या रूमचे फोटो टाकताना कॅप्शन काय लिहू? इंटिरियर डिझायनर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अशा डिझायनर्ससाठी आहे ज्यांचं काम संपलंय, फोटो हातात आलेत आणि आता "पोस्ट टाकायचीये, पण लिहू काय" इथे गाडी अडलीये. मी डिझायनर्सना पोस्ट लिहून देते आणि तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी ठेवली. सगळीकडे एकच उदाहरण वापरलंय, ते इथे समजावण्यासाठी बनवलेलं आहे पण मापं नीट बसवलेली आहेत: ११ बाय १६ फुटांची लिव्हिंग रूम, खिडकी एकच आणि तीही आखूड भिंतीला, घरात आईबाबा आणि घरून काम करणारी मुलगी, आई वॉकर घेऊन चालतात.

फोटो इतके छान आलेत, मग कॅप्शन हवंच कशाला?

फोटोत जे दिसतंय तेच पुन्हा लिहिणार असाल तर खरंच नको. "बेज सोफा, वुडन फिनिशचं कपाट, वॉर्म लायटिंग" हे लोकांना दिसतंय की. कॅप्शनचं काम आहे फोटोत जे येऊच शकत नाही ते सांगणं, म्हणजे आधी नेमकं काय अडत होतं, तुम्ही काय ठरवलं आणि ते ठरवताना काय सोडून द्यावं लागलं.

आपली रूम घ्या. फोटोत लांब भिंतीवर एक सडपातळ कपाट दिसतं, बस. पण मागची गोष्ट अशी की रूमची रुंदी ११ फूट म्हणजे १३२ इंच, त्यात सोफा ३६ इंच, सेंटर टेबल २४ इंच, दोघांच्या मध्ये पाय ठेवायला १६ इंच. जुनं कपाट २४ इंच खोल होतं, म्हणजे चालायला उरले ३२ इंच, आणि कपाटाचं दार बाहेर उघडलं की तेही गेले. वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जायचं तर आधी कुणीतरी दार लावा. नवीन कपाट १५ इंच खोल केलं, दारं सरकती केली, रस्ता झाला ४१ इंच. हे सगळं फोटोतून कुणालाही कळणार नाही, आणि ज्याच्या घरात अगदी हाच त्रास आहे तो माणूस हे वाचूनच थांबणार, बेज रंग बघून नाही.

इंच न् इंच कॅप्शनमध्ये टाकू नका मात्र. एकदोन आकडे पुरे, हिशोब तुमच्याकडे राहू दे, कुणी विचारलं तर सांगता येतो.

पहिली ओळ कशी हवी?

इन्स्टाग्रामवर फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या दोनेक ओळीच दिसतात, बाकीचं टॅप केल्यावर उघडतं. मग त्या दोन ओळी "प्रोजेक्ट रिव्हील! अखेर तो क्षण आला" यात घालवल्या तर पुढचं कुणी उघडतच नाही. अडचण सरळ पहिल्या ओळीत टाका. "कपाटाचं दार उघडलं की खिडकीकडे जायचा रस्ता बंद." एवढंच. यात तुमचं नाव नाही, स्टुडिओचं नाव नाही, स्टाइलचं नाव नाही, आणि तरी वाचणारा मनात म्हणतो अरे हे तर आमच्याकडे पण.

पहिल्या ओळीत प्रश्न विचारायची एक पद्धत पडलीये, "तुमची लिव्हिंग रूमही अंधारी आहे का?" वगैरे. मला ती फारशी पटत नाही, एकतर ती जाहिरातीसारखी वाटते आणि दुसरं म्हणजे तुम्ही न सांगता एक वचन देऊन बसता, की हो तर मी ती उजळून देईन. आपल्या उदाहरणातल्या रूममध्ये तर आतलं टोक अजूनही अंधारंच आहे, त्यावर पुढे बोलू.

किती फोटो टाकू आणि कुठल्या क्रमाने?

एका पोस्टमध्ये २० पर्यंत टाकता येतात पण एका रूमला सातआठ पुरतात. क्रम हा तुमच्या गोष्टीचाच क्रम असतो, म्हणून आधी फोटो लावा आणि मग कॅप्शन लिहा, उलटं केलं की कॅप्शन एकीकडे आणि फोटो दुसरीकडे असं होतं.

आपल्या रूमसाठी मी असा लावीन: पहिला फोटो दारातून पूर्ण रूम, दुसरा त्याच जागेवरून काढलेला आधीचा फोटो, तिसरा कपाट आणि सेंटर टेबल यांच्या मधला रस्ता, चौथा सरकत्या दाराचं क्लोजअप, म्हणजे खाचेतली पट्टी आणि बोटं घालायची खोबण दिसेल इतकं जवळून, पाचवा घडीचं टेबल मिटलेलं, सहावा तेच उघडून त्यावर लॅपटॉप, सातवा जुन्या सोफ्याचं नवीन कापड शिलाईसकट, आठवा संध्याकाळी दिवे लावून आतलं टोक.

कॅप्शनमध्ये "फोटो ३" असे आकडे द्या, लोक खरंच मागे जाऊन बघतात. फक्त पोस्ट करायच्या आधी एकदा जुळवून घ्या, कारण शेवटच्या क्षणी एक फोटो काढून टाकला जातो आणि मग "फोटो ६ मधलं टेबल" म्हणत सोफ्याचा फोटो उघडतो.

मिटलेलं टेबल आणि उघडलेलं टेबल असे दोन फोटो मुद्दाम ठेवलेत. डिझायनर्स बहुतेक वेळा मिटलेलाच टाकतात कारण तो नीटनेटका दिसतो. पण क्लायंटला रोज दिसणार उघडलेला.

"आधी"चा फोटो टाकावा का? क्लायंटला वाईट वाटेल का?

टाकावा, पण विचारून, आणि तो मुद्दाम वाईट दिसेल असा नको. आधीचा फोटो दिवे बंद करून, कपडे पसरलेले, फोन तिरका धरून काढलेला आणि नंतरचा फोटोग्राफरने दिवे लावून काढलेला, हे लोकांना कळतं आता. तिथे फरक डिझाइनचा कमी आणि पसारा आवरल्याचा जास्त दिसतो. साइटवर पहिल्या मापाच्या दिवशीच एक जागा ठरवा, दाराच्या चौकटीला पाठ लावून वगैरे, कॅमेऱ्याची उंची छातीएवढी, आणि काम झाल्यावर त्याच जागेवरून त्याच लेन्सने आणि साधारण त्याच वेळेला परत काढा.

कॅप्शनमध्ये आधीच्या घराबद्दल बोलताना "जुनाट", "कंटाळवाणं", "चुकलेलं" असले शब्द नको. ते घर कुणीतरी हौसेने लावलं होतं, आणि ते कुटुंब ही पोस्ट नातेवाइकांना पाठवणार आहे. "कपाट २४ इंच खोल होतं" हे पुरेसं आहे, त्यात कुणाचा अपमान नाही आणि अडचण पूर्ण कळते.

वाइड लेन्सने रूम मोठी दिसते, त्याचं काय करायचं?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण कन्सल्टेशनमधली अर्धी निराशा इथूनच येते. फोनवरचं ०.५ दाबलं की रूम प्रशस्त दिसते, समोरची भिंत लांब जाते, मधला रस्ता फुगतो. ओळखायचं कसं, तर फोटोच्या कडेला असलेला गोल स्टूल बघा, तो अंडाकृती झाला असेल किंवा कोपऱ्यातला सोफा अंगापेक्षा लांब ओढल्यासारखा दिसत असेल तर लेन्स फार वाइड आहे. शक्यतो फोन १ वर ठेवून मागे सरका, दाराबाहेर जाऊन काढा, चांगला कॅमेरा असेल तर २४ मिलिमीटरच्या खाली जायचं टाळा. छोट्या बाथरूममध्ये ते जमत नाही, मान्य.

आणि कॅप्शनमध्ये माप लिहा. "रूम ११ बाय १६ फूट" या पाच शब्दांनी लेन्सने केलेली गडबड बरीचशी निस्तरते, कारण वाचणारा आपल्या रूमशी मनातल्या मनात तुलना करतो. माप भिंतीपासून भिंतीपर्यंतचं, आतलं लिहा.

रंगाचंही तसंच आहे. दिवे पिवळे, खिडकीतून येणारा उजेड निळसर, त्यात एडिटिंग, म्हणून भिंतीचा रंग प्रत्येक स्क्रीनवर वेगळा दिसतो. कुणी "हाच शेड हवा" म्हणून आलं तर कॅप्शनमध्ये किंवा कमेंटमध्ये एवढं सांगा की सॅम्पल तुमच्या भिंतीवर लावून दिवसा आणि रात्री बघूनच ठरवतो. कोड देऊन मोकळं होऊ नका, दुसऱ्या रूममधल्या उजेडात तोच शेड भलताच निघतो.

शूटसाठी आणलेल्या वस्तू, पुसलेल्या वायरी, हे सांगावं लागतं का?

माझा नियम साधा आहे. जे दुसऱ्या दिवशी घरात नसणार आणि ज्यामुळे रूमबद्दल गैरसमज होतो ते सांगा. फुलदाणी आणि दोन उशा शूटसाठी आणल्या, त्याने काही बिघडत नाही. पण गालिचा, मोठं झाड किंवा भिंतीवरची पेंटिंग तुम्ही परत नेणार असाल तर एक ओळ टाका, "गालिचा आणि झाड शूटपुरतं". लटकणारी वायर एडिटमध्ये पुसली तर वाद आहे, काहीजण चालतं म्हणतात. मी म्हणते ती वायर तिथे कायम राहणार असेल तर पुसू नका, कारण वायर लपवणं हेच तर तुमचं काम होतं. स्विचबोर्ड, बीम, एसीचा पाइप तर अजिबात नाही.

आणि थ्रीडी रेंडर फिनिश झालेल्या फोटोंमध्ये मिसळू नका. टाकायचाच असेल तर शेवटी टाका आणि फोटोवरच लिहा की हा रेंडर आहे, कॅप्शन सगळे वाचत नाहीत.

एक पूर्ण उदाहरण दाखवा ना, चांगलं-वाईट दोन्ही.

आधी नेहमी दिसतं तसं:

> स्वप्नातलं घर प्रत्यक्षात! आमच्या टीमने या लिव्हिंग रूमचा पूर्ण कायापालट केला. मॉडर्न लुक, भरपूर स्टोरेज, प्रसन्न उजेड आणि तेही बजेटमध्ये आणि वेळेत! तुमचंही घर असंच बदलायचंय? आजच फ्री कन्सल्टेशन बुक करा, जागा मर्यादित!

यात खोटं असं एकही वाक्य कदाचित नसेल, पण प्रत्येक वाक्य वाचणाऱ्याच्या डोक्यात त्याच्या सोयीने मोठं होतं. "भरपूर स्टोरेज" म्हणजे त्याच्या मनात त्याच्या सगळ्या सुटकेसेस मावणार. "बजेटमध्ये" म्हणजे त्याच्या बजेटमध्ये. "असंच बदलायचंय" म्हणजे खिडकी दोन बाजूंना नसली तरी उजेड येणार. मग तो कन्सल्टेशनला येतो आणि पहिला अर्धा तास तुम्ही स्वतःचंच कॅप्शन मागे घेत बसता.

आता तीच रूम:

> कपाटाचं दार उघडलं की खिडकीकडे जायचा रस्ता बंद. या लिव्हिंग रूममध्ये सगळ्यात आधी तेच सोडवायचं होतं.
>
> रूम ११ बाय १६ फूट, खिडकी एकच. घरात आईबाबा आणि घरून काम करणारी मुलगी. आईंना वॉकर घेऊन खिडकीपाशी जाऊन बसायला आवडतं. जुनं कपाट २४ इंच खोल होतं. (फोटो २)
>
> नवीन कपाट १५ इंच खोल आणि सरकत्या दारांचं केलं, त्यामुळे कपाट आणि सेंटर टेबलच्या मध्ये आता जवळजवळ साडेतीन फूट मोकळे आहेत. (फोटो ३, ४) पुस्तकं, फायली आरामात बसतात. जाड पांघरुणं मात्र इथे मावत नाहीत, ती बेडरूममध्ये गेली. आणि सरकती दारं असल्याने एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. हे दोन्ही घरच्यांशी आधी बोलून ठरवलं.
>
> खिडकीकडच्या टोकाला घडीचं टेबल, काम संपलं की कपाटात मिटतं. (फोटो ५, ६)
>
> सोफा जुनाच आहे. सांगाडा भक्कम होता, फोम आणि कापड बदललं. (फोटो ७)
>
> एक गोष्ट बदलली नाही: खिडकी एकाच बाजूला आहे, त्यामुळे आतल्या टोकाला दुपारीही दिवा लागतो. तिथे फ्लोअर लॅम्प दिलाय. (फोटो ८)
>
> ड्रॉइंग आणि सॅम्पल ठरवायला ५ आठवडे, साइटवर ९ आठवडे. हे या घराचं वेळापत्रक, प्रत्येक घराचं वेगळं असतं.
>
> तुमच्या घरातली एखादी रूम अशीच अडत असेल तर एक तासाचं कन्सल्टेशन बुक करू शकता. तुमचा प्लॅन आणि फोटो बघून काय शक्य आहे, काय नाही आणि सुरुवात कुठून करायची यावर बोलतो. ड्रॉइंग, थ्रीडी आणि कोटेशन त्यात नसतं. फी आणि मोकळ्या वेळा प्रोफाइलमधल्या लिंकवर.
>
> गालिचा शूटपुरता. फोटोग्राफर आणि सुतारकाम टॅग केलंय.

लांब आहे, हो. पण इन्स्टाग्रामची मर्यादा २,२०० कॅरेक्टर्सची आहे आणि हे त्यात बसतं. मराठीत लिहिताना एक लक्षात ठेवा, मात्रा आणि अनुस्वार संगणकासाठी वेगळी कॅरेक्टर्स असतात, म्हणून डोळ्यांना छोटं वाटणारं कॅप्शन मोजल्यावर बरंच मोठं निघतं, म्हणून पेस्ट करायच्या आधी मोजून घ्या. कापायचंच असेल तर सोफ्याची ओळ कापा. पांघरुणांची आणि उजेडाची कापू नका.

पण "मावत नाहीत", "दिवा लागतोच" असं लिहिलं तर क्लायंट पळणार नाही का?

ज्याला दोन फूट खोल कपाटच हवंय तो पळेल, आणि ते बरंच आहे, तो तुमच्याकडे येऊनही शेवटी भांडलाच असता. बाकीच्यांना उलट असं दिसतं की इथे कुणीतरी निवड केलीये, नुसतं सजवलेलं नाही. १५ इंचाच्या कपाटात दोन सरकत्या दारांच्या पट्ट्या दोनतीन इंच खातात, आत उरतात साधारण १२, तेव्हा पांघरुणं मावणार नाहीत हे माप सांगतंच. तुम्ही लिहिलं नाही तरी कुणीतरी कमेंटमध्ये विचारेलच.

फक्त रडगाणं नको. एका पोस्टमध्ये एक तडजोड, फार तर दोन, आणि ती का केली ते त्याच दमात. "बजेट कमी पडलं म्हणून", "क्लायंटने ऐकलं नाही म्हणून" असली कारणं कधीच लिहू नका, घरच्यांना अवघडल्यासारखं होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं उद्या आपल्याबद्दलही असंच लिहितील.

कुठले शब्द टाळू?

यादी पाठ करण्यापेक्षा एक चाचणी करा. वाक्य वाचून विचारा, उद्या क्लायंट हे वाक्य दाखवून काही मागू शकतो का? "मेंटेनन्स फ्री" लिहिलंत आणि कापडावर डाग पडला की फोन तुम्हाला. "मेंटेनन्स फ्री" च्या जागी "कव्हर काढून धुता येतात" लिहा, जर खरंच काढता येत असतील तर. "आयुष्यभर टिकेल" च्या जागी मटेरियल काय ते सांगा. "रूम दुप्पट मोठी वाटते" च्या जागी रस्ता किती इंचांचा किती झाला ते सांगा. "वेळेत पूर्ण" च्या जागी आठवडे लिहा, आणि ड्रॉइंगचे आठवडे साइटच्या आठवड्यांपासून वेगळे ठेवा, कारण नुसतं "९ आठवड्यात" वाचलेला माणूस पहिल्या फोनच्या दिवसापासून मोजायला लागतो.

"बजेटमध्ये" हा शब्द सरळ सोडूनच द्या. आकडा सांगणार नसाल तर त्याला काही अर्थ नाही, आणि आकडा सांगायला क्लायंटची परवानगी लागते.

कन्सल्टेशनची ओळ नेमकी कशी लिहू?

निकालाला बोलवू नका, भेटीला बोलवा. "तुमचंही घर असं करून देऊ" हे निकालाचं बोलावणं आहे आणि घर न बघता ते कुणीच खात्रीने म्हणू शकत नाही, त्या घरातली कुठली भिंत पाडता येते, पाण्याची लाइन कुठून जाते, सोसायटी किंवा घरमालक काय परवानगी देतो, काही माहीत नसतं. "एक तास बसून तुमचा प्लॅन बघू" हे मात्र तुम्ही नक्की पाळू शकता.

ओळीत चार गोष्टी याव्यात: किती वेळ, त्यात काय होतं, त्यात काय नाही, आणि बुक कुठे करायचं. "काय नाही" ही गोष्ट लोक गाळतात आणि मग भेटीनंतर "थ्रीडी कधी पाठवताय" असा मेसेज येतो. फी असेल तर फी आहे एवढं तरी कळू द्या. आकडा लिंकवर असला तरी चालेल, पण कॅप्शन वाचून फुकट वाटायला नको. फुकट असेल तर काय फुकट तेही सांगा, पंधरा मिनिटांचा फोन आणि घरी येऊन माप घेणं यात फार फरक आहे.

कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक इन्स्टाग्रामवर टॅप होत नाही, म्हणून प्रोफाइलकडे पाठवा, आणि पोस्ट टाकल्यावर दुसऱ्या फोनवरून ती लिंक एकदा उघडून बघा. बुकिंगच्या फॉर्ममध्ये प्लॅन, रूमचे फोटो आणि "काय ठेवायचंय" हा प्रश्न असू दे. काय बदलायचंय हे लोक भरभरून लिहितात, काय ठेवायचंय हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत आणि कामाचा आकार त्यावर ठरतो.

दोन छोटे पर्याय, ज्यांना लांब नको त्यांच्यासाठी:

> रूमचं माप आणि दोन फोटो घेऊन या, एका तासात काय करता येईल आणि काय नाही ते स्पष्ट सांगतो. वेळ बुक करायला लिंक प्रोफाइलमध्ये.

> काम सुरू करायचं की नाही हेच ठरत नसेल तरी कन्सल्टेशन घेता येतं. पुढचं काम आमच्याकडेच द्यायला हवं असं नाही.

दुसरा मला जास्त आवडतो, पण शेवटचं वाक्य खरं असेल तरच.

"फक्त दोन स्लॉट बाकी" लिहू का?

दोनच बाकी असतील तर लिहा. आणि भरले की कॅप्शन एडिट करून काढा, नाहीतर चार महिन्यांनी कुणी पोस्ट उघडतं तेव्हाही दोनच बाकी असतात. त्यापेक्षा "पुढची साइट अमुक महिन्यानंतर घेऊ शकतो" हे लिहिलेलं बरं, त्याने घाई असलेला माणूस आपोआप बाजूला होतो.

कमेंटमध्ये "प्राइस?" विचारतात, काय उत्तर देऊ?

"डीएम केलाय" एवढंच लिहून सोडू नका, बाकी वाचणाऱ्यांना काहीतरी लपवताय असं वाटतं. सगळ्यांना दिसेल असं उत्तर द्या की किंमत कशाकशावर ठरली. आपल्या रूमसाठी मी लिहीन: "या घराचा आकडा घरच्यांचा आहे म्हणून सांगत नाही. यात जास्त खर्च कपाटाचा होता, त्यातही सरकत्या दारांच्या चॅनलचा आणि फिनिशचा. सोफा जुना ठेवल्याने तिथे वाचले. तुमच्या रूमचा अंदाज माप बघितल्याशिवाय दिला तर तो चुकेल." याने पुढच्या दहा जणांचा प्रश्नही मिटतो. रेंज द्यायची सवय असेल तर रेंजमध्ये काय धरलंय ते त्याच कमेंटमध्ये हवं.

क्लायंटची परवानगी तोंडी चालेल ना?

लेखी घ्या, मेसेजवर घेतली तरी चालेल, पण काय काय ते त्यात असावं: कुठले फोटो, आधीचा फोटो चालेल का, कुटुंबाबद्दल किती सांगायचं, आणि पोस्टला पैसे लावून जाहिरात केली तर चालेल का. शेवटचं वेगळं विचारा, कारण मित्रमंडळींनी बघणं वेगळं आणि अनोळखी लोकांना जाहिरात म्हणून दिसणं वेगळं. आपल्या कॅप्शनमधला वॉकरचा उल्लेख आईंना स्वतःला विचारूनच जायला हवा, मुलीने हो म्हटलं तेवढ्यावर नाही. त्या नको म्हणाल्या तर "घरातल्या सगळ्यांना आरामात चालता यावं" असं लिहा, काही बिघडत नाही.

फोटो पोस्ट करायच्या आधी झूम करून बघा. फ्रेममधले घरातले चेहरे, टेबलावरचं पत्ता असलेलं पाकीट, दाराशी लटकलेल्या किल्ल्या, खिडकीतून दिसणारी ओळखीची इमारत, आरशातला फोटोग्राफर. लोकेशन टॅग इमारतीचा नको.

फोटोग्राफरचे फोटो तुम्ही पैसे देऊन काढून घेतले म्हणजे कुठेही वापरता येतातच असं नाही, सोशल मीडिया आणि जाहिरात दोन्ही करारात आहे का ते बघा. आणि सुताराला, पेंटरला टॅग करा, त्यांची हरकत नसेल तर नावाने. सरकतं दार बोटाने सरकतं हे त्याच्या हाताचं काम आहे.

हॅशटॅग किती?

थोडे आणि नेमके. रूमचा प्रकार, तुमचं शहर, कामाचा प्रकार. हॅशटॅगची भिंत कॅप्शनखाली वाईट दिसते आणि बुकिंगची ओळ तिच्यात हरवते.

फोटोंना आल्ट टेक्स्ट देऊ का?

द्या, ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो. कॅप्शन पुन्हा चिकटवू नका, फोटोत आहे ते साधं लिहा: "डावीकडे छतापर्यंतचं कपाट, उजवीकडे सोफा आणि सेंटर टेबल, मधून खिडकीपर्यंत मोकळा रस्ता."

हँडओव्हरच्या दिवशीच पोस्ट टाकू की थांबू?

फोटो काढून ठेवा पण पोस्टसाठी थोडं थांबा. निदान राहिलेल्या बारीकसारीक कामांची यादी संपू दे, दार घासतंय, एक दिवा लुकलुकतोय, रंगाचा टचअप बाकी, असलं काही उरलं असताना तुमची रिव्हील पोस्ट आली की घरच्यांना राग येतो आणि तो कमेंटमध्ये दिसतो. काही आठवडे थांबलात तर आणखी एक फायदा आहे, घरचे ती रूम कशी वापरतात ते कळतं. टेबल रोज मिटलं जातंय की उघडंच राहतंय? उघडंच राहत असेल तर "काम संपलं की कपाटात मिटतं" ही ओळ बदलून "कपाटात मिटवता येतं" अशी करा.